दुसऱ्या खेळाडूची जागा

माझ्या भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी दोन मिनिटं ठरायची नाही म्हणून मीच हे नाव ठेवलं, आणि आता मलाच त्याची लाज वाटते, कारण नववीत गेल्यापासून ही मुलगी शाळेतून आली की खुर्चीला चिकटते ती जेवायच्या हाकेपर्यंत उठत नाही. समोर शाळेने दिलेला लॅपटॉप. करड्या रंगाचा, झाकणावर शाळेचं स्टिकर आणि आधीच्या कुणीतरी नखाने कोरलेलं एक कार्टून.

त्या लॅपटॉपवर माझा जितका राग आहे तितका माझ्या दुकानाच्या मालकावरही नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का, आता?' विचारायचं आणि घरी येऊन पुन्हा एका मुलीच्या पाठीकडे बघत बसायचं. भिंगरीची आई, म्हणजे माझी ताई, मोठ्या हॉस्पिटलात शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करायच्या विभागात आहे. आम्ही तिघी एका छोट्या फ्लॅटमध्ये राहतो आणि आमच्यात संगणक म्हणावा असा तो एकच, तोही परका.

परका म्हणजे किती परका, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. भिंगरीने एक खेळ उतरवायला घेतला. बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: 'तुमच्या प्रशासकाने याला परवानगी दिलेली नाही.' दुसरा खेळ घेतला. तेच. मग मी पुढे सरसावले, मला वाटलं पोरीला नीट जमत नसेल. मीही तेच वाक्य वाचलं, तीनदा. त्या यंत्रात काही म्हणजे काही बसवता येत नाही. खेळ नाही, ॲप नाही, ब्राउझरला जोडायचे ते छोटे तुकडेसुद्धा नाहीत. आहे फक्त ब्राउझर. आणि तोही शाळेच्या खात्यातून उघडतो, त्यामुळे लॅपटॉप आमच्या घरात असला तरी कुठलं पान उघडायचं आणि कुठलं नाही याची चाळणी शाळेचीच लागते.

"हा प्रशासक कोण गं?" ताईने विचारलं.

"माहीत नाही. पण भेटला तर मी त्याला सोडणार नाही," भिंगरी म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, नाही खेळली तर काय बिघडलं? मीही तेच म्हणत होते, चष्मिस परगावी जाईपर्यंत.

चष्मिस म्हणजे भिंगरीची पहिलीपासूनची मैत्रीण. तिचा पहिला चष्मा मीच बसवून दिलेला, तेव्हा कानामागून सारखा घसरायचा. या दोघी एकमेकींशिवाय पेन्सिलला टोकही करायच्या नाहीत. मागच्या वर्षी तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती दुसऱ्या शहरात गेली. तिथे तिच्याकडे स्वतःचा मोठा संगणक, नवी शाळा आणि संध्याकाळी मिळून खेळणारी पाच-सहा मुलामुलींची नवी टोळी. ती टोळी खेळायची ते सगळे खेळ उतरवून घ्यायचे, जागा खाणारे, महागाचे. चष्मिसने भिंगरीला बोलावलं, अगदी मनापासून. भिंगरीने 'प्रशासक' सांगितला. टोळीतलं कुणीतरी हसलं. ते हसणं भिंगरीने मला आवाज काढून दाखवलं होतं, इतकं तिच्या डोक्यात बसलं होतं.

फोनवर का नाही खेळत, हे विचारून झालं. ताईचा फोन ताईबरोबर हॉस्पिटलात जातो. माझ्या फोनमध्ये दुकानातल्या गिऱ्हाइकांचे फोटो आणि नंबर ठासून भरलेत, वर तो अर्ध्या तासात तापतो. म्हणजे गाडं पुन्हा त्या करड्या डब्यापाशी.

मग भिंगरीने ब्राउझर धरला. तिचं म्हणणं असं, की काही खेळ उतरवायचेच नसतात. ते त्या पानातच चालतात. पत्ता टाकला, पान उघडलं, खेळ सुरू. मैत्रिणीला लिंक पाठवली की ती तिच्या ब्राउझरमधून त्याच खेळात. ना खातं, ना बसवणं. मला हे पटायला वेळ लागला, पण तिने माझ्यासमोर उघडून दाखवलं. चित्र काढायचं आणि दुसरीने ओळखायचं असा खेळ होता. लॅपटॉपवर बोटाने काढलेली भिंगरीची मांजर बादलीसारखी दिसत होती आणि चष्मिसने ती बादली म्हणूनच ओळखली. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या काकूंनी भिंत ठोकली.

तिसऱ्या संध्याकाळी त्याच पत्त्यावर लाल पाटी. 'हे संकेतस्थळ बंद आहे. वर्ग: खेळ.'

मग शब्दांचा एक खेळ. चार दिवस. लाल पाटी. मग सोंगट्यांचा. तो तर उघडलाच नाही. मग वर्गातल्या एकीने सांगितलेला कुठलासा मागच्या दाराचा पत्ता, तिथे जाहिरातीच इतक्या की खेळाचं बटण कुठलं आणि फसवं कुठलं ते कळेना. तो मीच बंद करायला लावला. प्रत्येक वेळी भिंगरी नवा खेळ शोधायची, नियम शिकायची, चष्मिसला शिकवायची, आणि जरा रंग भरला की पाटी. मी दुकानातून येऊन दार उघडलं की तिच्या मानेवरूनच मला कळायचं, आज पाटी आली.

"अगं, शाळेचा लॅपटॉप आहे, अभ्यासाला दिलाय," मी म्हणायचे.

"अभ्यास झालाय, मावशी. बघ. झालाय."

आणि खरंच झालेला असायचा. त्यामुळे तर माझा आणखी जळफळाट व्हायचा. ओरडायलाही काही हाती लागायचं नाही.

अशातच तिला ते गाव सापडलं. कुणा एका हौशी माणसाने एकट्याने बनवलेला, अगदी साधा खेळ. त्याचं पान इतकं कोपऱ्यातलं होतं की चाळणीला ते अजून कुठल्या वर्गात घालायचं ते कळलेलं नव्हतं, म्हणून उघडायचं. मोकळ्या जमिनीचा एक तुकडा, त्यावर दोन खेळाडूंनी मिळून गाव वसवायचं. दोघांपुरतीच जागा. विहीर खणा, रस्ता टाका, झाडं लावा, घरं बांधा, आणि खाली छोट्या खिडकीत एकमेकांशी लिहून बोला. एकीने गाव सुरू करायचं, दुसरीने लिंकवरून यायचं. जिने सुरू केलं तिच्या ब्राउझरमध्ये ते गाव साठवलं जायचं. ती उघडेल तेव्हाच गाव जागं, ती नसेल तर दुसरीला नुसती पाटी दिसे.

चष्मिस म्हणाली होती, "माझ्याकडे सुरू कर ना. माझा संगणक घरचा आहे, काही होणार नाही."

भिंगरीने ऐकलं नाही. मला कारण तिने फार उशिरा सांगितलं. गाव चष्मिसकडे असतं तर भिंगरी नसताना तिने टोळीतल्या कुणालाही आत घेतलं असतं. "आणि मग ते माझ्या विहिरीत दगड टाकत बसले असते," ती म्हणाली. मी हसले, पण ती हसत नव्हती.

ते गाव म्हणजे त्यांचा श्वास होऊन बसलं. शाळेच्या परीक्षा आल्या, गेल्या. ताईच्या पाळ्या बदलल्या. गावात नदी आली, नदीवर पूल आला, पुलाच्या टोकाला चष्म्याचं दुकान आलं. माझ्यासाठी म्हणून चष्मिसने बांधलेलं. दाराशी एक ठिपका उभा होता, ती म्हणे मी. हातात काठी दिली होती, का ते मी विचारलं नाही. खेळात एक बटण होतं, गाव फाइल म्हणून उतरवून ठेवायचं. भिंगरीने ते दाबून पाहिलं होतं. 'तुमच्या प्रशासकाने डाउनलोडला परवानगी दिलेली नाही.' आम्हाला आता ते वाक्य पाठ होतं.

रविवारी सकाळी शाळेने घरून द्यायची सराव परीक्षा ठेवली. भिंगरीने लॅपटॉप उघडला तर परीक्षेचं पान पांढरंफटक. चाक नुसतं फिरतंय. "आई, शाळेच्या मदतीच्या नंबरवर फोन कर, मी तोवर आंघोळ करते!" असं ओरडून ती न्हाणीघरात पळाली. मी चहा टाकत होते. ताईने फोन लावला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पलीकडचा माणूस सांगेल तसं करू लागली.

माझी ताई कामात कशी आहे ते सांगायला हवं. तिच्या विभागात कात्री, चिमटे, नळ्या येतात, रक्ताने माखलेल्या. धुवायच्या, तपासायच्या, वाफेत घालायच्या. तिथे 'एवढंच पुसा, बाकीचं राहू द्या' असं कधी नसतं. घरीसुद्धा एक चमचा घासायला घेतला की ती आख्खा स्टँड घासून मोकळी होते. तो माणूस फोनवर म्हणाला, ब्राउझरमध्ये साठवलेल्या प्रतिमा आणि फाइली तेवढ्या पुसा, बाकीच्या चौकटींवरची बरोबरची खूण काढून टाका. एवढंच. पडद्यावर तीन चौकटी होत्या. ताईने तिन्हींवर खूण केली, वर 'आतापर्यंतचं सगळं' निवडलं, आणि बटण दाबलं.

परीक्षेचं पान उघडलं. ताईने समाधानाने लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"झालं. एकदम स्वच्छ केलं. आता पुन्हा अडणार नाही."

भिंगरीने परीक्षा दिली. चांगली दिली. संध्याकाळी तिने गाव उघडायला घेतलं आणि मोकळी जमीन आली.

पहिल्यांदा तिला वाटलं पान नीट उघडलं नाही. तिने बंद करून पुन्हा उघडलं. मोकळी जमीन आणि 'नवे गाव सुरू करा'. मग ती उठून ताईकडे गेली आणि अगदी हळू विचारलं, "आई, सकाळी तू नेमकं काय काय पुसलंस?"

ताईने तितक्याच हौसेने सांगितलं, फोनवरचा माणूस एकच पुसा म्हणाला होता तेही. तिन्ही चौकटी सांगितल्या. मधल्या चौकटीत कुकीजच्या पुढे 'आणि साइटचा इतर डेटा' असं लिहिलं होतं, तेही सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला.

मी आमच्या घरात भांडणं खूप पाहिली आहेत, काही मीच लावली आहेत. पण तसा आवाज भिंगरीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तुला सांगितलं होतं एकच पुसायला! एकच! तुला एक गोष्ट अर्धी ठेवता येत नाही का?" ताई उभी होती, हातात ओलं फडकं. तिला काय पुसलं गेलं तेच नीट कळलेलं नव्हतं. "परत आणता येत असेल ना," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मला काय माहीत?

सोमवारी मी दुकानातून अर्धा दिवस सुटी घेतली आणि शाळेत गेले. संगणकाच्या बाई प्रयोगशाळेत एका वायरीच्या गुंत्याशी झटत होत्या. मी सांगितलं, ब्राउझरमधलं चुकून पुसलं गेलं, परत मिळेल का.

"काय होतं त्यात?" बाई म्हणाल्या. "लिहिलेलं काही असेल तर काळजी नको, ते खात्यात असतं. बुकमार्कही राहतात."

"नाही, म्हणजे... एका साइटवर साठवलेलं होतं."

"मग ते त्या यंत्रातच होतं. पुसलं की गेलं. आमच्याकडे त्याची प्रत नसते." त्या चांगल्या होत्या, खोटं बोलायचं नाही म्हणून कोरडेपणाने बोलत होत्या. मग त्यांनी पेन उचललं. "कुठली साइट होती? सांगा, मी बघते."

सांगावं तर ती साइट खेळांच्या वर्गात जाणार आणि संध्याकाळपर्यंत लाल पाटी. न सांगावं तर मी इथे आलेच कशाला? तावातावाने आलेली बाई मी, दारात उभी राहून 'आठवत नाही' म्हणाले आणि परत फिरले. रस्ताभर स्वतःवर चिडत होते. त्यात निघताना बाई दारापर्यंत येऊन म्हणाल्या होत्या, "अहो, नियम माझे नाहीत. वरूनच साइट्सचे वर्गच्या वर्ग बंद करून येतात. मी एक-एक उघडू शकते, पण मला अभ्यासाचं कारण लिहावं लागतं." मैत्रीण टिकवायची आहे, हे अभ्यासाचं कारण होत नाही. तेवढं मलाही कळतं.

चष्मिसशी बोलायची जागा त्या खेळाच्या खिडकीतच होती, तीही गेली. म्हणून त्या संध्याकाळी भिंगरीने माझ्या फोनवरून चष्मिसच्या आईचा नंबर लावला. मी शेजारीच होते. चष्मिस फोनवर आली, मागे हशा, कुणीतरी तिला हाका मारतंय.

"गेलं? सगळं?" ती म्हणाली. "अय्यो. पूलपण?"

"पुन्हा करू ना. मी नवीन सुरू करते. मावशीच्या फोनवरून लिंक पाठवते."

"हो, करू. आज नको, आज आमचं चाललंय. उद्या."

भिंगरीने नवं गाव सुरू केलं. मी लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, हातपाय धुतले, पान उघडलं आणि बसली. रिकाम्या जमिनीवर एक ओळ होती: 'दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहे.' ओळीच्या शेवटी तीन ठिपके, एकामागून एक उमटायचे, पुसले जायचे. ती काही बांधत नव्हती. विहीर कुठे घ्यायची ते दोघींनी ठरवायचं असतं, म्हणाली.

चष्मिस आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. माझ्या निरोपाला तिच्या आईने अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. मला तो अंगठा बघून इतका संताप आला की मी फोन उशीखाली कोंबला. कुणाला बोलणार? त्या पोरीने काही वाईट केलं नव्हतं. तिला तिथे रोज पाच जण हाका मारत होते, आणि इथे एक जण ठिपके बघत होती.

ताईला हे सगळं पाहवेना. तिच्याशी भिंगरी कामापुरतं बोलत होती. एका संध्याकाळी ताई घरी आल्यावर चप्पलही न काढता म्हणाली, "ती लिंक माझ्या फोनवर पाठव. मी येते खेळायला. ब्राउझरमध्येच आहे ना, माझ्या फोनवरही उघडेल."

"नको."

"मला येत नाही म्हणून? शिकव की मला."

"आई, दोघांचीच जागा आहे. तू आलीस तर भरेल. मग ती आली तर तिला 'गाव भरलेलं आहे' दिसेल."

ताईने फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. "अर्धा तासच. ती आली तर लगेच बाहेर पडेन." भिंगरी मान हलवायची. मला ताईचा राग यायचा. पुसायचं ते पुसून बसलीस, आता भरायला का धावतेस, असं एकदा मी बोललेही. ती ओटा पुसत राहिली. मग मला माझाच राग आला.

ताईची सुटी होती त्या दिवशी. दुपारपासून ती घरात होती. भिंगरी आली, पान उघडलं, बसली. ठिपके. मी दुकानातून आले तेव्हाही ठिपके. खोलीत दिवा लावायला मी हात वर केला, तेवढ्यात भिंगरी खुर्चीतून मागे न वळता म्हणाली,

"आई, फोन घे. तुला पाठवायला सांगते मावशीला. ये तू."

मला हायसं वाटलं. अखेर मायलेकींचं जमलं, म्हणत मी पिशवीतून फोन काढला. ताईचं तोंड उजळेल म्हणून बघितलं, तर ती भिंगरीच्या पाठीकडे बघत होती. कितीतरी वेळ. इतके दिवस ती मागत होती ती जागा समोर मोकळी होती, आणि ती कशी मोकळी झाली ते तिला माझ्याआधी कळलं.

"आज नाही गं जमणार," ताई म्हणाली. "मला बोलावलंय. कुणीतरी रजेवर गेलीये."

तिने आत जाऊन कामाचे कपडे घातले, केस बांधले, डबा न घेताच निघाली. मी तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले. खालच्या पायऱ्यांच्या वळणावर ती भिंतीला टेकून बसली होती, फोन मांडीवर पालथा.

"कुठली पाळी? तुला कुणी बोलावलंय?" मी वरून विचारलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "वर जा आणि तिला सांग, मी गेले. तासभर बसते इथे. तेवढ्यात ती मुलगी आली तर?"

मी वर आले. भिंगरीने विचारलं, "गेली आई?" मी हो म्हणाले. तिने खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पडद्याकडे बघत बसली.